दहावीचा ओहमचा प्रयोग: V/I चा रकाना वर वर का चढतो?

फळ्यासमोर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी दहावीला विज्ञान शिकवते. या आठवड्यात ओहमच्या नियमाचं प्रात्यक्षिक झालं. दोन सेल, कळ, रिओस्टॅट, ०–५०० मिलिअँपिअरचा अमीटर, ०–३ व्होल्टचा व्होल्टमीटर आणि ठोकळ्यावर गुंडाळलेली, '१० ओहम' असं लिहिलेली नायक्रोमची तार. सगळं नेहमीचंच.

एका गटातल्या मुलीने हा तक्ता आणून दाखवला. अगदी प्रामाणिक मुलगी आहे, खाडाखोडही तशीच ठेवते.

| क्र. | विभवांतर (व्होल्ट) | धारा (मिलिअँपिअर) | V/I (ओहम) |
|---|---|---|---|
| १ | ०.५ | ७० | ७.१ |
| २ | १.० | १२० | ८.३ |
| ३ | १.५ | १७० | ८.८ |
| ४ | २.० | २१५ | ९.३ |
| ५ | २.५ | २७० | ९.३ |

सरासरी ८.६ ओहम. ती म्हणाली, "मॅडम, पुस्तकात V/I स्थिर असतो म्हणतात. माझा तर वाढत चाललाय. मग नियम चुकला की मी?"

मी "जोडणी पुन्हा तपास" म्हणून वेळ मारून नेली. खरं उत्तर मलाही सुचलं नव्हतं. शेजारच्या गटाचा रकाना मात्र पाचही ओळींत १०.० असा सुंदर आला होता. अंतर्गत गुण देताना त्यांना पूर्ण आणि हिला कमी, असं करायला हात धजत नाही. वर्गात हे कसं उलगडून दाखवावं?

---

सुटी तार

पाचही ओळींत १०.०? त्या गटाने प्रयोग भागाकारापासून सुरू करून रीडिंगपर्यंत केलाय. आम्हीही तसाच केला होता, ओहमला अजून पत्ता नाही.

---

विद्युत्पुत्र

सोपं आहे मॅडम. धारा वाढली की तार तापते, तापली की रोध वाढतो, म्हणून V/I वाढतो. ओहमचा नियम तापमान स्थिर असेल तरच लागू. मुलीला सांगा, प्रत्येक रीडिंगनंतर कळ काढून ठेव, तार थंड होऊ दे. मी इलेक्ट्रिकलचा इंजिनिअर आहे, हे रोज बघतो.

---

चौकस पालक

माझ्या मुलाची पुढच्या आठवड्यात परीक्षा आहे. V = IR मध्ये R काढायचा असेल तर त्रिकोणात बोट ठेवून काढतात ना? V वर, I आणि R खाली. हेच विचारताय का?

---

सुटी तार

@चौकस पालक, त्रिकोण बरोबर आहे. फक्त या धाग्यात बोट अमीटरवर ठेवायचंय असं दिसतंय.

---

कळ काढा

आयुष्यभर शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून काम केलं, आता निवृत्त. असे तक्ते इतके पाहिलेत की बघताक्षणी हात आपोआप अमीटरकडे जातो.

विद्युत्पुत्र, तार तापल्याचं कारण या तक्त्याला बसत नाही. V/I चा रकाना क्षणभर झाका आणि नुसती धारा कशी वाढलीय ते बघा. दर अर्ध्या व्होल्टला किती वाढली? ७० वरून १२० म्हणजे ५०. मग पुन्हा ५०. मग ४५. मग ५५. हा ४५ आणि ५५ चा खेळ सुई वाचण्यातल्या फरकाचा. या अमीटरवर एक घर १० मिलिअँपिअरचं, अर्ध्या घराचा अंदाज इकडेतिकडे होणारच. म्हणजे दर अर्ध्या व्होल्टला ५० अशी सरळ चाल आहे. अर्धा व्होल्ट भागिले ०.०५ अँपिअर, झाले बरोबर १० ओहम. तार एकदम शहाण्यासारखी वागतेय.

तापत असती तर वरच्या टोकाला धारा वाढायला कुरकुर केली असती. ५०, ४६, ४१, ३५ असं काहीतरी दिसलं असतं. इथे तसं काही नाही.

मग गडबड कुठे? अर्ध्या व्होल्टला १० ओहममधून ५० जायला हवेत, अमीटर दाखवतोय ७०. एक व्होल्टला १०० ऐवजी १२०. अडीच व्होल्टला २५० ऐवजी २७०. प्रत्येक ठिकाणी वीसच जास्त. कळ काढा आणि सुईकडे बघा. ती शून्यावर नसून २० वर बसलेली असणार.

---

विद्युत्पुत्र

पण V/I वाढतोय हे तर तुम्हीही नाकारत नाही? मग तो का वाढतो?

---

कळ काढा

कारण ते वीस प्रत्येक ओळीत सारखे असले तरी त्यांचं वजन सारखं नाही. पन्नासात वीस मिसळले की भागाकार पार ढासळतो. अडीचशेत वीस मिसळले तर थोडा हलतो. म्हणून पहिल्या ओळीत ७.१ आणि शेवटी ९.३. रीडिंग आणखी पुढे नेलीत तर रकाना १० च्या जवळ जवळ सरकत राहील, पण पोचणार कधीच नाही.

लक्षात घ्या, सगळ्यात मोठी चूक सगळ्यात कमी धारेला आहे. त्या वेळी तारेत पाव वॉटचा दहावा हिस्सा उष्णता होते. तिथे काय तापणार?

आणि तुमचंच शास्त्र लावायचं तर नायक्रोम लालभडक केली तरी तिचा रोध दहा टक्के वाढत नाही. म्हणूनच तर ती या प्रयोगाला घेतात. इथे सात वरून सव्वानऊ म्हणजे तीस टक्के वाढ आहे. तांब्याची तार असती तरी त्यासाठी तिला पाऊणशे अंशांनी तापवावी लागली असती.

---

विद्युत्पुत्र

नायक्रोमचा मुद्दा मान्य. घाईत तारेचं नाव वाचलंच नाही. पण मुलांना "तापमान स्थिर" ही अट सांगायलाच हवी.

---

गणिती आजी

मी गणित शिकवायचे, भौतिकशास्त्र नव्हे. पण आलेखात हे सगळं उघडं पडतं, त्यावर कुणी बोललेलं नाही.

त्या मुलीचे पाच बिंदू काढा. आडव्या अक्षावर विभवांतर, उभ्यावर धारा. पट्टी लावा, पाचही बिंदू एका रेषेवर जवळजवळ बसतील. पण ती रेषा मूळबिंदूतून जाणार नाही. डावीकडे वाढवली की उभ्या अक्षाला २० वर छेदेल. म्हणजे विभवांतर शून्य असतानाही २० मिलिअँपिअर धारा! असं तर होऊच शकत नाही. हे वाक्य मुलांच्या तोंडून काढून घ्या, आपण बोलू नका.

घोटाळा असा की मुलं तशी रेषा काढतच नाहीत. पुस्तकातली रेषा मूळबिंदूतून निघते, म्हणून पट्टीचं एक टोक मूळबिंदूवर दाबून ठेवतात आणि दुसरं शेवटच्या बिंदूवर. तशा रेषेवरून रोध येईल २.५ भागिले ०.२७०, म्हणजे ९.३. पहिले तीन बिंदू रेषेच्या एकाच बाजूला राहतात, तिकडे कुणी बघत नाही. तेच दोन टोकांच्या बिंदूंमधला फरक घेतला तर दोन व्होल्टला २०० मिलिअँपिअर, म्हणजे १० ओहम. चुकीच्या अमीटरने बरोबर उत्तर! वीस वजाबाकीत उडून जातात.

---

सुटी तार

"चुकीच्या अमीटरने बरोबर उत्तर" हे आमच्या वेळी माहीत असतं तर भागाकारापासून सुरुवात करावी लागली नसती. आजी, दंडवत.

---

धूमकेतू

माझा अनुभव वेगळा आहे, पण इथे जुळेल असं वाटतं. मी क्लासमध्ये नायक्रोमच्या जागी टॉर्चचा बल्ब लावून हाच प्रयोग केला होता. २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअरचा बल्ब. मुलांना काहीतरी पेटलेलं दिसावं म्हणून. तक्ता असा आला होता:

| विभवांतर (व्होल्ट) | धारा (मिलिअँपिअर) | V/I (ओहम) |
|---|---|---|
| ०.५ | १२५ | ४.० |
| १.० | १८० | ५.६ |
| १.५ | २२५ | ६.७ |
| २.० | २६५ | ७.५ |
| २.५ | ३०० | ८.३ |

माझाही रकाना चढतोच आहे. मग माझाही अमीटर खोटा म्हणायचा का? मी तर मुलांना सांगून टाकलं होतं की बल्ब ओहमचा नियम पाळत नाही.

---

गणिती आजी

वा, हा तक्ता त्या मुलीच्या तक्त्याशेजारी ठेवायलाच हवा. शेवटचा रकाना बघून दोघांत फरक करता येणार नाही. पण वाढ बघा: ५५, ४५, ४०, ३५. दर वेळी कमी. त्या मुलीची ५०, ५०, ४५, ५५. एक वाकतोय, एक सरळ आहे पण सरकलेला.

---

कळ काढा

आजींनी नेमकं सांगितलं. धूमकेतू, तुमच्या बल्बची तार खरोखर तापते, विद्युत्पुत्रांचं कारण इथे चपखल बसतं. (घ्या, तुमचा हिशेब चुकता.) बल्ब विझलेला, थंड असताना मल्टिमीटरने मोजलात तर एखाद ओहमच्या आसपास दिसेल. पूर्ण पेटल्यावर आठच्या वर. तीच टंगस्टनची तार, फक्त तापमान वेगळं.

आणि बल्बचा आलेख वाकडा असला तरी मूळबिंदूकडेच जातो. शून्य विभवांतराला शून्य धारा. एवढ्यावरूनही ओळखता येतं.

---

विद्युत्पुत्र

हिशेब मिळाला, पावती ठेवतो.

आता एक खरा प्रश्न. बल्ब "नियम पाळत नाही" असं म्हणायचं की "नियमाची अट पाळली जात नाही, म्हणून नियम लागू नाही" असं? माझ्या मते दुसरं. टंगस्टनचं तापमान धरून ठेवता आलं असतं तर तोही सरळ रेषेतच आला असता.

---

धूमकेतू

पण तापमान धरून ठेवता येतच नाही ना! वापरताना बल्ब तापतोच. मुलाने आलेख काढला, तो वाकडा आला, तर "पाळत नाही" म्हणण्यात काय चूक?

---

गणिती आजी

यावर दोन शिक्षक मंडळींचं कधी एकमत झाल्याचं मी पाहिलं नाही. आमच्या स्टाफरूममध्ये यावरून दोघे आठवडाभर बोलत नव्हते.

---

चौकस पालक

मला एक सांगा, या सगळ्यात सेल उतरल्यामुळे तर असं होत नसेल? आमच्या घरच्या टॉर्चचे सेल उतरले की सगळंच मंद होतं. मॅडम, नवीन सेल घालून बघा.

---

कळ काढा

काका, सेल उतरला तर व्होल्टमीटरचं रीडिंगही उतरेल आणि अमीटरचंही, जोडीने. दोन्ही एकाच क्षणी वाचलीत तर भागाकाराला धक्का लागत नाही. उतरत्या सेलने फक्त अडीच व्होल्टपर्यंत पोचता येणार नाही, एवढंच.

मात्र एक पथ्य आहे. एक मूल व्होल्टमीटर वाचतं, लिहितं, मग दुसरं अमीटर वाचतं, मधे दहा सेकंद गेली, तर घसरत्या सेलने जोडी तुटते. म्हणून "वाच!" म्हटल्यावर दोघांनी एकदम वाचायचं, आणि लगेच कळ काढायची. माझं सदस्यनाम तिथूनच आलंय.

---

गणिती आजी

काकांचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. खुद्द ओहम यात अडकला होता. जॉर्ज ओहम कोलोनच्या एका शाळेत शिक्षक होता, गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचा. १८२५ मध्ये त्याने रासायनिक सेल वापरून तारेची लांबी आणि धारा यांचं नातं शोधायला घेतलं. सेलची ताकद हलत राहायची, आणि त्या रीडिंगवरून त्याने जे सूत्र छापलं ते चुकीचं होतं, त्यात चक्क लॉगॅरिदम होता.

मग पोगेनडॉर्फ या भौतिकशास्त्रज्ञाने त्याला सेल सोडून उष्णतेवर चालणारी जोडी वापरायला सुचवलं. बिस्मथ आणि तांब्याचे दोन सांधे, एक उकळत्या पाण्यात, एक बर्फात. पाण्याचं उकळणं आणि बर्फाचं वितळणं हलत नाही, म्हणून विभवांतरही हलत नाही. मग १८२६ मध्ये तक्ता सरळ आला. व्होल्टमीटर नव्हताच, तारांच्या लांब्या बदलायच्या आणि टांगलेली चुंबकसुई किती वळते ते बघायचं.

त्या मुलीला हे जरूर सांगा. पहिला तक्ता ओहमचाही फसला होता.

---

सुटी तार

आणि अंतर्गत गुण?

---

गणिती आजी

ते तर त्यालाही फार उशिरा मिळाले.

---

आडवा अक्ष

आजी, एक नम्र हरकत. तुम्ही विभवांतर आडव्या अक्षावर घेतलंत. आमच्याकडे धारा आडवी आणि विभवांतर उभं घ्यायला सांगतात, म्हणजे रेषेचा चढ थेट रोध देतो. तुमच्या पद्धतीत चढ एक भागिले रोध येतो, आणि मुलं उत्तर ०.१ ओहम लिहून मोकळी होतात. तीन पेपरांत पाहिलंय.

---

गणिती आजी

जे आपण बदलतो ते आडवं, जे त्यामुळे बदलतं ते उभं, हा माझा जुना हट्ट. मुलांनी व्होल्टमीटर बघत अर्ध्या-अर्ध्या व्होल्टवर थांबवलं, म्हणून तो आडवा.

---

आडवा अक्ष

पण रिओस्टॅट सरकवला की दोन्ही एकदमच बदलतात. व्होल्टमीटरकडे बघत थांबायचं ही आपली सवय. अमीटरकडे बघत थांबलात तर तुमचाच नियम उलटा होईल.

---

गणिती आजी

हं. विचार करते. (पटलं असं म्हटलेलं नाही.)

---

फळ्यासमोर (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. आज मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत जाऊन आले.

कळ काढा काका, तुम्ही म्हणालात तसंच! तिच्या अमीटरची सुई कळ उघडी असताना २० वर बसलेली. उद्या तिच्याकडूनच प्रत्येक रीडिंगमधून वीस वजा करून घेणार. मी करून पाहिलं: ५०, १००, १५०, १९५, २५०. भागाकार १०, १०, १०, १०.३, १०.

पण आणखी एक गट निघाला. त्यांचाही रकाना हुबेहूब असाच चढतो, सात, सव्वाआठ, पावणेनऊ असा. मी उत्साहाने अमीटर बघितला तर सुई बरोब्बर शून्यावर! आता?

---

कळ काढा

व्होल्टमीटर बघितलात?

त्याची सुई शून्याच्या डावीकडे दोन घरं, म्हणजे ०.२ व्होल्ट खाली बसत असेल तर अगदी हाच तक्ता येतो. मुलं रिओस्टॅट सरकवून सुई ०.५ वर आणतात, पण तारेवर प्रत्यक्षात ०.७ असतात. १० ओहममधून ७० मिलिअँपिअर जातात. अमीटर खरं बोलतोय, व्होल्टमीटर कमी सांगतोय. तक्ता बघून दोघांपैकी चोर कोण हे कळूच शकत नाही. आलेखातली रेषा एकच. उभ्या अक्षावर ती २० वर छेदते आणि आडव्या अक्षावर उणे ०.२ वर. कुठलं छेदणं खरं, ते सुट्या मीटरच्या सुईकडे बघूनच ठरतं.

उपाय मात्र उलटा. इथे वाचलेल्या विभवांतरात ०.२ मिळवायचे. मुलं इथे हमखास गोंधळतात, "मघाशी तर वजा केले" म्हणतात. नियम पाठ करून घेऊ नका. सुई शून्याच्या पुढे बसली असेल तर ती फुगवून सांगतेय, मागे बसली असेल तर चोरतेय, एवढं कळलं की चिन्ह आपोआप येतं.

मीटरच्या तोंडावर, सुईच्या मुळाशी एक छोटा स्क्रू असतो. कळ काढून बारीक पेचकसाने हळू फिरवलात तर सुई शून्यावर येते. पण वर्गाला दाखवून झाल्यावरच फिरवा!

---

धूमकेतू

तो स्क्रू मी इतकी वर्षं मीटर उघडायचा समजत होतो.

---

कळ काढा

बरेच जण समजतात. आणि उघडतातही.

---

आडवा अक्ष

काका, एक शंका. माझ्या एका गटाचा V/I पाचही ओळींत १०.८ च्या आसपास. रेषा सरळ, मूळबिंदूतून जाते. दोन्ही सुया शून्यावर. ठोकळ्यावर १० लिहिलंय. म्हणजे ठोकळा चुकीचा?

---

कळ काढा

असेलही, पण आधी व्होल्टमीटरची दोन टोकं कुठे लावलीत ते बघा. पुष्कळदा एक टोक ठोकळ्याच्या स्क्रूऐवजी अमीटरच्या पलीकडच्या स्क्रूला लागतं, कारण तिथे हात सहज पोचतो. मग व्होल्टमीटर तारेचं आणि अमीटरचं मिळून विभवांतर सांगतो. शाळेतल्या अमीटरचा आणि सैल स्क्रूंचा रोध मिळून पाऊण-एक ओहम सहज भरतो.

ही चूक तक्त्यात कधीच दिसत नाही, कारण तो जास्तीचा रोधही नियमाने वागतो. ओळखायचं असं: धारा २५० वर ठेवा, व्होल्टमीटर बघा, समजा २.७ आहे. आता रिओस्टॅटला हात न लावता ते टोक काढून ठोकळ्याच्या स्क्रूला लावा. २.५ वर उतरलं तर चूक जोडणीत. २.७ वरच राहिलं तर ठोकळ्याच्या आतला सांधा संशयित.

---

विद्युत्पुत्र

हे सगळं टाळायला सरळ मल्टिमीटर लावून रोध का मोजू नये? दोन सेकंदांचं काम.

---

धूमकेतू

मग प्रात्यक्षिकाच्या उरलेल्या वेळात मुलं काय करणार? आणि मल्टिमीटर एकच आकडा सांगतो. बल्बला लावलात तर एक ओहम म्हणेल आणि गप्प बसेल. पेटल्यावर तो आठ होतो हे त्याला कुठून कळणार?

---

विद्युत्पुत्र

आज माझा दिवस नाही.

---

चौकस पालक

मुलाने आज घरी एक तक्ता दाखवला. धारेचे आकडे १५३, २०२, २४७ असे आहेत. तो म्हणतो खरे आहेत. अमीटरवर एक घर दहाचं असेल तर १५३ कसं वाचलं? मी विचारलं तर म्हणाला, "बाबा, तुम्ही कधीपासून विज्ञान बघायला लागलात?"

---

सुटी तार

काका, तुम्ही त्रिकोणावरून इथवर आलात. मुलगा अजून भागाकारापासूनच सुरू करतोय.

---

गणिती आजी

पेपर तपासताना मी नेमकं हेच बघायची. दहाच्या घरांवर १५० किंवा १५५ पर्यंत ठीक. १५३ दिसलं की तो आकडा सुईने सांगितलेला नसतो.

---

फळ्यासमोर (धागाकर्ती)

काका, व्होल्टमीटर तपासला. सुई डावीकडे आहे, पण दोन घरं नाही, जेमतेम एक. म्हणजे ०.१ मिळवले तरी पहिली ओळ ८.६ येते, दहा येत नाही. उरलेलं कुठून आलं?

तो गट टेबलाच्या डाव्या टोकाला बसतो, एवढं सांगते. अमीटर त्यांच्या उजव्या हाताला असतो.

---

कळ काढा

डावीकडून तिरकं बघत असतील तर सुई त्यांना पट्टीवर उजवीकडे, म्हणजे पुढे दिसेल. सुई आणि पट्टी यांच्यात जागा असते ना. जागा सोडून उठत नसतील तर प्रत्येक रीडिंगला साधारण तेवढाच फरक, म्हणजे तोही शून्य त्रुटीचं सोंग घेतो! तुम्ही उभ्या राहून समोरून बघितलंत म्हणून तुम्हाला सुई शून्यावर दिसली.

पण खात्रीने नाही सांगत. एवढ्याने दहा मिलिअँपिअरचा, म्हणजे पूर्ण घराचा फरक पडेल का, याबद्दल माझ्या मनात शंका आहे. एक करा. त्याच मुलांना त्याच बाकावर बसवा, कळ काढा आणि विचारा, "सुई कितीवर आहे?" ते काय म्हणतात ते लिहा.

---

फळ्यासमोर (धागाकर्ती)

विचारलं. एक म्हणाला शून्य, एक म्हणाली पाच, आणि तिसरा म्हणाला, "मॅडम, किती यायला हवंय?"

---

सुटी तार

तिसरा आमच्या घराण्यातला.

---

गणिती आजी

गुणांचं काय ठरवलंत? प्रश्न तिथूनच निघाला होता.

---

फळ्यासमोर (धागाकर्ती)

त्या मुलीचा तक्ता खोडू दिला नाही. त्याच्या शेजारी 'दुरुस्त धारा' असा रकाना आखायला सांगितला आणि खाली एक ओळ: "कळ उघडी असताना सुई २० वर होती." पूर्ण गुण दिले.

१०.० वाल्या गटाला मी तोच बिघडलेला अमीटर देऊन पुन्हा प्रयोगाला बसवलंय. पंधरा मिनिटं झाली, तिघेही सुईकडे बघतायत, अजून कुणी काही लिहिलेलं नाही.